खातं सांभाळणारी व्यक्ती बदलतेय, हे पार्टीला कसं सांगायचं

टॅक्स कन्सल्टन्सीच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या मुला-मुलींना हे काम पहिल्या काही महिन्यांतच करावं लागतं. जुनी मॅडम किंवा जुना सर नोकरी सोडतो, दुसऱ्या शाखेत जातो किंवा बाळंतपणाच्या रजेवर जातो. त्यांच्याकडची दहा-वीस खाती दुसऱ्याकडे येतात आणि साहेब सांगतात, "पार्ट्यांना एक मेसेज टाकून दे." मग मेसेज जातो: 'आपले खाते यापुढे अमुक पाहतील. सेवेत कोणताही खंड पडणार नाही. धन्यवाद.'

हा मेसेज वाचून कुठल्याही वर्कशॉपवाल्याला धीर येत नाही. त्याच्या डोक्यात प्रश्न असतो, येत्या ११ तारखेचं रिटर्न कोण भरणार? त्याची बिलं ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ मध्ये चढली नाहीत, तर १४ तारखेला त्याच्या गिऱ्हाइकाच्या टूबीत, म्हणजे खरेदीवरच्या कराचं क्रेडिट दाखवणाऱ्या जीएसटीआर-२बी पत्रकात, ती दिसत नाहीत. मोठ्या कंपन्यांचे पर्चेसवाले टूबी पाहूनच जीएसटीची रक्कम सोडतात. म्हणजे आपल्याकडची एक चुकलेली तारीख म्हणजे त्याचं महिनाभर अडकलेलं पेमेंट. त्याला धीर द्यायचा असेल तर तो तारखेनिशी आणि कामानिशी द्यावा लागतो. 'काळजी करू नका' या शब्दांनी तो मिळत नाही.

पुढे सगळं एका उदाहरणातून सांगतो. समजा, नाशिकला सातपूर एमआयडीसीत एक प्रोप्रायटरी वर्कशॉप आहे. दोन मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवतात, जीएसटीचं रिटर्न दर महिन्याला जातं. हे खातं चार वर्षं एका मॅडमकडे आहे आणि त्या १२ डिसेंबरला ऑफिस सोडणार आहेत.

आधी हँडओव्हर, मग निरोप

पार्टीला कळवण्याआधी नव्या माणसाच्या हातात खातं खरोखर आलेलं हवं. उलटं केलं की काय होतं ते ठरलेलं आहे. निरोप मिळाल्यावर पाचव्या मिनिटाला पार्टी नव्या माणसाला फोन करून विचारते, "ते ट्रान्सपोर्टचं तुम्ही बघताय ना?" आणि नवा माणूस गप्प होतो. त्या क्षणी गेलेला विश्वास परत मिळवायला सहा महिने लागतात.

हँडओव्हर म्हणजे फाइल आणि पासवर्ड देणं, असं नवीन मुलांना वाटतं. ते तर हवंच. पण खरं खातं मॅडमच्या डोक्यात असतं. त्यांच्यासोबत तासभर बसा आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारा: "या पार्टीचं असं काय आहे, जे कुठंच लिहिलेलं नाही?" आपल्या वर्कशॉपच्या बाबतीत मग अशा गोष्टी बाहेर येतील. एक माल पुरवठादार आपलं रिटर्न नेहमी उशिरा भरतो, म्हणून त्याचं क्रेडिट एक महिना उशिरानेच घ्यायचं. ट्रान्सपोर्टवाला जीएसटी लावत नाही, त्यामुळे त्याच्या भाड्यावर ५ टक्के कर रिव्हर्स चार्जने पार्टीलाच भरावा लागतो, आणि ती बिल्टी पार्टीचा अकाउंटंट मागितल्याशिवाय पाठवत नाही. मालक दुपारी दोन ते चार फोन उचलत नाहीत. चलनाची रक्कम १८ तारखेलाच कळवावी लागते, कारण पैशांची सोय करायला त्यांना दोन दिवस लागतात.

हे एका कागदावर उतरवा. अर्धं पान पुरतं. पुढे पार्टीशी बोलताना तुम्हाला खरा आधार या अर्ध्या पानाचाच असणार आहे.

त्याच बैठकीत तीन गोष्टी डोळ्यांनी तपासा.

पहिली, पोर्टलवर नोंदलेला मोबाइल आणि ईमेल कोणाचा आहे. नोंदणीच्या वेळी घाईत कन्सल्टंटच्याच माणसाचा नंबर टाकलेला असतो, हे अजूनही सर्रास आढळतं. प्रोप्रायटरचं रिटर्न ओटीपीने सही होतं आणि तो ओटीपी नोंदलेल्या नंबरवर जातो. नंबर मॅडमचा असेल तर २० तारखेला संध्याकाळी त्यांच्या नव्या ऑफिसात फोन करून ओटीपी मागायची वेळ येईल. नोटिशीची सूचनाही त्यांनाच जाईल. हा बदल पार्टीच्या लॉगिनमधून `Services > Registration > Amendment of Registration Non-Core Fields` इथे जाऊन `Authorized Signatory` या टॅबमध्ये करायचा असतो. त्याला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही, पण नव्या नंबरवर आणि ईमेलवर आलेला ओटीपी टाकावा लागतो. नंबर मालकांचाच टाका. आपल्या नव्या माणसाचा टाकलात तर दोन वर्षांनी हीच अडचण पुन्हा उभी राहील. मालक म्हणतील, "मला कशाला ते मेसेज?" तरीही समजावून सांगा.

दुसरी, पोर्टलवर न वाचलेली नोटीस आहे का. यात सर्वात धोक्याच्या दोन: विक्रीच्या रिटर्नमध्ये आणि थ्रीबीत, म्हणजे दरमहा कर भरायच्या जीएसटीआर-३बी रिटर्नमध्ये, कराचा फरक पडला की येणारी डीआरसी-०१बी, आणि टूबीपेक्षा जास्त क्रेडिट घेतलं की येणारी डीआरसी-०१सी. दोन्हींना सात दिवसांत फरक भरावा लागतो किंवा खुलासा द्यावा लागतो. तसं केलं नाही तर पुढचं जीएसटीआर-१ पोर्टल भरूच देत नाही. माणूस बदलण्याच्या आठवड्यात आलेली अशी नोटीस दोघांच्याही नजरेतून सुटते, कारण जुनी व्यक्ती समजते नवी बघेल आणि नवी समजते जुनीने बघितलं असेल.

तिसरी, डिजिटल सहीचे डोंगल. आपलं वर्कशॉप प्रोप्रायटरी आहे म्हणून ओटीपीवर भागतं. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डीएससी लागतेच. बहुतेक ऑफिसांत एका खणात पंधरा-वीस डोंगल पडलेले असतात, त्यावर चिकटपट्टी लावून पेनाने पार्टीचं नाव आणि कधी कधी पिनसुद्धा लिहिलेला असतो. ती पार्टीची सही आहे. माणूस बदलताना ती पार्टीला परत द्या, किंवा निदान ती कोणाकडे आहे हे लेखी कळवा आणि पिन बदलून घ्या. जीएसटी, ई-वे बिल, आयकर आणि टीडीएस या सगळ्या पोर्टलचे पासवर्डही याच वेळी बदला. मॅडमवर अविश्वास म्हणून हे करायचं नाही. उद्या काही गडबड झाली तर संशय त्यांच्यावर येऊ नये, यासाठी त्यांनाही हेच सोयीचं आहे, आणि तसं त्यांना स्पष्ट बोलून दाखवा.

कोणत्या तारखेला सांगायचं

महिन्याचं चक्र पाहून दिवस निवडा. ७ तारखेला टीडीएसचं चलन, ११ला जीएसटीआर-१, १५ला पीएफ आणि ईएसआय, २०ला थ्रीबी. १ ते २० या काळात पार्टीला असली बातमी दिली की ती घाबरते, आणि तुमच्याकडेही बोलायला वेळ नसतो. थ्रीबी भरून झाली की २१ ते २८ हे दिवस मोकळे असतात. आपल्या उदाहरणात ऑक्टोबरची थ्रीबी २० नोव्हेंबरला गेली, म्हणून २२ नोव्हेंबरला सांगायचं. म्हणजे ११ डिसेंबरचं रिटर्न नवा माणूस भरेल आणि मॅडम शेजारच्या खुर्चीत असतील. दोघांनी मिळून भरलेल्या या एका रिटर्नचं मोल पार्टीला लगेच कळतं.

राजीनामा ५ तारखेला आला म्हणून ५ तारखेलाच सांगायची घाई नको. पण बातमी फुटली असं दिसलं तर तारीख न बघता त्याच दिवशी फोन करा. एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवरून कळलेली बातमी आणि आपल्या तोंडून कळलेली बातमी यांत पार्टी फार फरक करते.

फोन कोणी आणि कोणाला करायचा

पहिला फोन ऑफिसच्या मुख्य व्यक्तीने, म्हणजे साहेबांनी, थेट मालकांना करायचा. त्याच दिवशी दुसरा फोन मॅडमनी पार्टीच्या अकाउंटंटला करायचा. रोजचं काम त्याच्याशीच असतं, आणि त्याला वगळलं तर तो मनातून दुखावतो आणि मग बिलं पाठवायला चार दिवस उशीर करतो. लेखी पत्र या दोन फोननंतर संध्याकाळपर्यंत जायला हवं. सगळ्या पार्ट्यांना एकदम ब्रॉडकास्ट मेसेज करू नका. त्यातून पार्टीला वाटतं की ऑफिसच मोडकळीला आलंय.

तुम्ही नवीन असाल तर फोन तुम्ही करणार नाही, पण साहेबांना बोलायचे मुद्दे तुम्हीच काढून द्यायचे असतात. फोन साधारण असा व्हायला हवा.

"नमस्कार शेठ, दोन मिनिटं आहेत का? एक गोष्ट मीच सांगावी म्हणून फोन केला. तुमचं काम बघणाऱ्या मॅडम १२ डिसेंबरला आपल्याकडून जात आहेत."

"अरे! का हो, काय झालं?"

"त्यांना दुसरीकडे संधी मिळाली आहे. आपलं त्यांच्याशी चांगलंच आहे. तुमचं काम आता आमच्याकडचे दुसरे सर बघतील. तीन वर्षं ते इंजिनिअरिंगच्याच पार्ट्या करतायत. ११ तारखेचं रिटर्न ते भरतील, मॅडम सोबत बसतील. २० तारखेचं मी स्वतः बघून मग सोडीन."

"पण आमचं ते ट्रान्सपोर्टचं, आणि त्या पुरवठादाराचं क्रेडिट मागे ठेवायचं असतं…"

"ते दोन्ही लिहून घेतलंय शेठ. चलनाचा आकडा तुम्हाला १८ला लागतो, तेही. अजून काही असेल तर सोमवारी मॅडम आणि हे सर तुमच्याकडे येतील, समोर बसून बोला."

शेवटच्या उत्तरात सगळं सामावलेलं आहे. शेठना जे सांगायचं होतं ते आपल्याला आधीच माहीत आहे, हे ऐकल्यावर त्यांचा आवाज बदलतो. म्हणून तो अर्ध्या पानाचा कागद आधी.

सोडून जाण्याचं कारण एका वाक्यात सांगा आणि ते वाक्य मॅडमना आधी विचारून ठरवा. आजारपण, घरची अडचण, पगाराची कुरबुर यांतलं काहीही पार्टीपर्यंत जाता कामा नये. त्या स्वतःचं ऑफिस काढणार असतील तरी त्यांच्याविषयी वाकडा शब्द काढू नका. चार वर्षं ज्यांच्या हातात खातं होतं, त्यांना आज नावं ठेवली तर पार्टी विचार करते की मग चार वर्षं तुम्ही काय बघत होतात.

लेखी पत्र

पत्र छोटं ठेवा, पण त्यात तारखा हव्यात. ईमेल करा आणि तेच व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा, कारण बरेच मालक ईमेल उघडत नाहीत. असं लिहिता येईल:

> विषय: १३ डिसेंबरपासून आपले जीएसटी व टीडीएसचे काम पाहणारी व्यक्ती बदलत आहे
>
> नमस्कार,
>
> सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे कळवत आहोत. आपले काम पाहणाऱ्या (जुन्या व्यक्तीचे नाव) १२ डिसेंबरपर्यंत आमच्याकडे आहेत. १३ डिसेंबरपासून आपले काम (नव्या व्यक्तीचे नाव) पाहतील. त्यांचा मोबाइल व ईमेल खाली दिला आहे.
>
> डिसेंबरमधील कामे अशी होतील:
> ७ डिसेंबर, टीडीएस चलन: (जुनी व्यक्ती)
> ११ डिसेंबर, जीएसटीआर-१: (नवी व्यक्ती), सोबत (जुनी व्यक्ती)
> १५ डिसेंबर, आगाऊ कराचा हप्ता: (नवी व्यक्ती)
> १८ डिसेंबर, जीएसटी चलनाची रक्कम कळवणे: (नवी व्यक्ती)
> २० डिसेंबर, थ्रीबी: (नवी व्यक्ती), भरण्यापूर्वी (मुख्य व्यक्ती) तपासतील
> ३१ डिसेंबर, जीएसटीआर-९ वार्षिक रिटर्न: आकडे तयार आहेत, (नवी व्यक्ती) पूर्ण करतील
>
> आपली फी, बिले पाठवण्याची पद्धत व ऑफिसचा नंबर यात बदल नाही. पहिल्या महिन्यात (नवी व्यक्ती) काही गोष्टी आपल्याला पुन्हा विचारतील, त्याबद्दल सहकार्य करावे. पोर्टलचे पासवर्ड बदलले असून ते आपल्याला स्वतंत्रपणे कळवू. फीचे पैसे नेहमीप्रमाणे फक्त ऑफिसच्या बँक खात्यातच जमा करावेत.
>
> सोमवारी सकाळी ११ वाजता आम्ही आपल्याकडे भेटायला येत आहोत. वेळ सोयीची नसल्यास कळवावे.

या पत्रात 'काहीही बदलणार नाही' असं लिहिलेलं नाही, हे मुद्दाम. बदल होणार आहेच. नवा माणूस चार प्रश्न जास्त विचारणार, एखादं उत्तर द्यायला त्याला अर्धा दिवस लागणार. ते आधी सांगितलं तर पार्टी ते सहन करते. न सांगता घडलं तर 'बघा, सुरू झालं' असं म्हणते. बँक खात्याचं वाक्यही गाळू नका. माणूस बदलल्याची बातमी बाहेर गेली की 'मी नवीन सर बोलतोय, फी या नंबरवर पाठवा' असे फोन करणारे भामटे असतात.

पार्टीचे नेहमीचे प्रश्न

"मॅडमना अडलं तर फोन केला तर चालेल ना?" हा प्रश्न हमखास येतो. 'नाही' म्हणू नका आणि 'हो' पण म्हणू नका. सांगा, "जुन्या कामाचं काही अडलं तर आम्ही त्यांना विचारू, तुम्ही आम्हालाच सांगा." पार्टी थेट मॅडमशी बोलत राहिली तर दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळतात आणि चुकीचं उत्तर नेमकं रिटर्नमध्ये जातं.

"नवीन माणसाला आमच्या लाइनचं कळतं का?" याला शिक्षणाची पदवी सांगून उत्तर देऊ नका. त्याने आधी केलेलं त्याच प्रकारचं काम सांगा, आणि नसेल केलं तर कोण तपासणार ते सांगा.

"रिटर्नला उशीर झाला तर दंड कोण भरणार?" हे ऐकून कचरू नका, प्रश्न रास्त आहे. थ्रीबीला उशीर झाला की लेट फी दिवसाला ५० रुपये, निरंक रिटर्न असेल तर २०, आणि भरायच्या राहिलेल्या करावर १८ टक्के व्याज. आपल्या चुकीने उशीर झाला तर काय, याचं उत्तर साहेबांकडून आधीच घेऊन ठेवा. तुमच्या मनाने वचन देऊ नका.

पहिला महिना

भेटीच्या दिवशी मॅडम आणि नवा माणूस दोघांनी जायचं. बोलायचं मात्र नव्या माणसाने. मॅडम बोलत राहिल्या तर मालक त्यांच्याकडेच बघून बोलतात आणि भेट फुकट जाते. नव्या माणसाने एक तरी नेमका प्रश्न घेऊन जावं, उदाहरणार्थ, "नोव्हेंबरच्या दोन बिल्ट्या अजून आल्या नाहीत, आज मिळतील का?" त्यातून मालकांना कळतं की हा कागद वाचून आला आहे.

त्यानंतर काही खुणांवर लक्ष ठेवा. अकाउंटंट बिलं अजून मॅडमच्या नंबरवर पाठवतोय का? मेलमध्ये त्यांना सीसीत ठेवतोय का? नेहमी दोनदा फोन करणारे मालक एकदम शांत झालेत का? शेवटची खूण सर्वात वाईट. पार्टी रागावली तर निदान बोलते. शांत झाली असेल तर ती दुसऱ्या कन्सल्टंटशी बोलत असण्याची शक्यता असते. अशा वेळी नव्या माणसाने नाही, साहेबांनी फोन करायचा.

२० तारखेला थ्रीबी भरून झाली की त्याच संध्याकाळी भरल्याची पावती मालकांना पाठवा आणि खाली एक ओळ लिहा: 'नोव्हेंबरचे दोन्ही रिटर्न वेळेत भरले, ट्रान्सपोर्टवरील कर धरला आहे, त्या पुरवठादाराचे क्रेडिट पुढील महिन्यात घेऊ.' मॅडम अशी पावती न चुकता पाठवत असतील तर ती पाठवाच. पाठवत नसतील तरी पहिले तीन महिने पाठवा.

कधी कधी हे सगळं करायला वेळच मिळत नाही. माणूस अचानक आजारी पडतो किंवा उद्यापासून येणार नाही म्हणतो. तेव्हाही क्रम तोच ठेवा, फक्त तो एका दिवसात बसवा: सकाळी पोर्टल उघडून नोंदलेला नंबर, नोटिसा आणि बाकी असलेली रिटर्नं पाहा, दुपारी मालकांना फोन, संध्याकाळी पत्र. डोक्यातली माहिती मिळाली नसेल तर मागच्या सहा महिन्यांचे थ्रीबी आणि टूबी शेजारी ठेवून बसा. क्रेडिट कुठे मागे ठेवलंय, रिव्हर्स चार्ज कुठे धरलाय, ते आकड्यांतच दिसतं. आणि मालकांना खरं सांगा की तुमच्या कामातल्या दोन-तीन खास गोष्टी आम्हाला पुन्हा तुमच्याकडून समजून घ्याव्या लागतील, त्यासाठी उद्या अर्धा तास द्या.

दुसऱ्या महिन्याची थ्रीबी वेळेत गेली की मॅडमचा नंबर पार्टीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढा. त्याआधी त्यांना तसं कळवा आणि ग्रुपवर त्यांचे आभार माना.